दुसऱ्या ओळीतलं यंत्र

कचेरीतलं नेट स्लो झालं की सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं असतं: कोण खातंय? याचं उत्तर एका छोट्या तक्त्यात असतं आणि तो बारकाईने वाचण्यासारखा असतो. राउटरमधून जाणाऱ्या प्रत्येक संभाषणाची दर दिशेला एक नोंद होते, तिला फ्लो म्हणतात. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्याकडे, कोणत्या पोर्टवर, कधीपासून कधीपर्यंत, किती पॅकेट आणि किती बाइट, एवढंच तिच्यात असतं. जुन्या टेलिफोन बिलासारखंच हे आहे: कोणाला लावला आणि किती वेळ बोलले ते कळतं, काय बोलले ते कळत नाही. सिस्कोने १९९६ च्या सुमारास ही पद्धत आणली आणि नेटफ्लो हे नाव रूढ झालं. अशा हजारो नोंदींची गोळाबेरीज करून तक्ता काढणारं `nfdump` हे मोफत साधन आज कोणीही वापरू शकतं.

वाचण्यासाठी एक नमुना घेऊ. डिचोलीत सर्वेक्षणाचं काम करणारी एक कचेरी आहे आणि मोपा विमानतळाच्या भागातल्या कामांसाठी तिने पेडण्यात शाखा काढली आहे. दोन्हीकडे ५० एमबीपीएसची लाईन आहे, जायला आणि यायला सारखीच, आणि मधे व्हीपीएन आहे. डिचोलीतली यंत्रं `192.168.10.x`, पेडण्यातली `192.168.20.x`. कचेरी आणि आकडे मी बेतलेले आहेत, पण तक्ता असाच येतो. सकाळी दहा ते अकरा या तासात डिचोलीतून बाहेर काय गेलं, ते विचारू:

```
nfdump -R /data/nfcapd.202407151000:nfcapd.202407151055 \
  -s srcip/bytes -n 3 \
  'src net 192.168.10.0/24 and not dst net 192.168.10.0/24'
```

उत्तरातले महत्त्वाचे रकाने तेवढे ठेवतो:

```
First seen  Duration  Src IP Addr    Flows  Packets  Bytes(%)       bps     bpp
10:00:01      3590.4  192.168.10.21     12    1.9 M    2.6 G(51.0)   5.8 M  1368
10:34:07       412.6  192.168.10.47      9    1.5 M    2.1 G(41.2)  40.7 M  1400
10:00:09      3571.4  192.168.10.12     96    2.4 M  134.0 M( 2.6) 300.0 K    55
```

घाईत वाचणारा पहिल्या ओळीवर बोट ठेवतो. `.21` ने निम्म्याहून जास्त बाइट नेले, म्हणजे तोच चोर. पण त्याच ओळीत उजवीकडे आणि डावीकडे पाहा. ३५९० सेकंद म्हणजे जवळजवळ पूर्ण तास, आणि वेग ५.८ एमबीपीएस. फ्लो फक्त १२. इथे राउटर लांबलेल्या संभाषणाची नोंद दर पाच मिनिटांनी तोडून पाठवतो, तेव्हा एक अखंड जोडणी तासाभरात बारा तुकड्यांत दिसते. एकच जोडणी, सतत आणि संथ. असं वागणारं यंत्र बहुधा सीसीटीव्हीचं रेकॉर्डर असतं, चित्रण बाहेर पाठवत बसलेलं. लाईनचा नववा भाग ते कायम अडवून बसलं आहे, पण कोणाचं काम त्याने थांबत नाही.

आता दुसरी ओळ. बाइट कमी, पण ४१२ सेकंदांत. `bps` रकान्यातला ४०.७ एम हा आकडा तक्त्यातला सर्वांत बोलका आकडा आहे. रेकॉर्डरचे ५.८ त्यात मिळवले की साडेशेहेचाळीस होतात, आणि इतरांची किरकोळ वाहतूक धरली की लाईन भरते. जाण्याची वाट भरली की येणारं डाउनलोडही अडतं, कारण प्रत्येक डाउनलोडची पोचपावती त्याच वाटेने जायची असते आणि ती रांगेत अडकते. साडेदहानंतरची सात मिनिटं सगळी कचेरी का कुरकुरली, ते इथे लिहिलेलं आहे. तासाची सरासरी काढली तर लाईन पाऊणहिश्शाहून जास्त रिकामी दिसेल: एकूण ५.१ जीबी म्हणजे सरासरी ११.३ एमबीपीएस. मासिक आलेख दाखवून ‘लाईन मोकळीच आहे’ म्हणणारा सेवापुरवठादार खोटं बोलत नसतो. त्याचा आलेख सात मिनिटांना तासात विरघळवतो, इतकंच.

`bpp` म्हणजे एका पॅकेटमागचे बाइट. `.47` चे १४०० भरलेली पॅकेटं दाखवतात, पण नेहमीच्या १५०० पेक्षा कमी. हे व्हीपीएनचं लक्षण असू शकतं, कारण बोगद्याचं वेष्टण काही बाइट खातं. संशय तपासायला एकच प्रश्न पुरतो:

```
-s dstip/bytes -s dstport/bytes 'src ip 192.168.10.47'
```

उत्तर आलं `192.168.20.5`, पोर्ट ४४५. ड्रोनचे फोटो पेडण्याच्या साठवणीच्या डब्यावर चढत होते. इथे मूळ प्रश्नातली गाळणी पुन्हा वाचण्यासारखी आहे. बरेच जण सवयीने `not dst net 192.168.0.0/16` लिहितात, अंतर्गत वाहतूक वगळावी म्हणून. तसं केलं असतं तर पेडण्याचा पत्ता अंतर्गत ठरून दुसरी ओळ तक्त्यातून नाहीशी झाली असती. पत्ता घरचा असला तरी बाइट त्याच भाड्याच्या लाईनवरून जातात. दोन गावांत पसरलेल्या कचेरीत हा सापळा नेहमीचाच.

तिसरी ओळ मला सगळ्यांत आवडते. बाइट नगण्य, पण पॅकेटं तिन्हींत जास्त आणि प्रत्येकात सरासरी पंचावन्नच बाइट. इतकी रिकामी पॅकेटं बहुधा पोचपावत्या असतात. साधारण दोन आलेल्या पॅकेटांमागे एक पोचपावती धरली, तर `.12` कडे सुमारे ४८ लाख पॅकेटं आली असतील, म्हणजे साडेसहा जीबीच्या आसपास. जाणारी बाजू वाचून येणाऱ्या बाजूचा अंदाज बांधता येतो. खात्री करायला `srcip` च्या जागी `dstip` घालून गाळणीही उलटवावी. पोचपावतीचं प्रमाण यंत्रागणिक बदलतं, त्यामुळे अंदाज अंदाजच असतो.

तक्ता फसवतो तो बहुधा नोंद कुठे घेतली त्यामुळे. राउटरच्या बाहेरच्या बाजूला घेतली तर सगळी यंत्रं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे लपतात आणि व्हीपीएनची वाहतूक एका बोगद्याच्या ओळीत गोळा होते. पहिल्याच ओळीत नव्वदच्या वर टक्के दिसले की आधी हीच शंका घ्यावी. नोंद आतल्या बाजूलाच हवी. दुसरी गोष्ट, नोंद तोडण्याची मुदत बऱ्याच राउटरवर मुळात ३० मिनिटांची असते. ती तशीच ठेवली तर अर्ध्या तासाची संथ वाहतूक एका पाच मिनिटांच्या फाइलमध्ये एकदम कोसळते आणि नसलेली उसळी दिसते. तिसरी गोष्ट घड्याळ. पावसात लाईट जाऊन आली की स्वतःचं घड्याळ नसलेला राउटर भलतीच वेळ धरतो, आणि `First seen` रकान्यावर विसंबता येत नाही. एनटीपी चालू आहे ना, हे वाचनाआधी पाहावं.

`.47` म्हणजे कोणतं यंत्र, हे डीएचसीपीच्या नोंदीत साडेदहाच्या वेळेला पाहावं, आजच्या यादीत नव्हे. पत्ते हात बदलतात. आणि तिथे सापडतं ते यंत्र, खुर्चीवरचा माणूस नव्हे. इथे तर कोणी आगळीकही केली नव्हती. फोटो पेडण्याला पोचवणं हे कामच होतं.

मग उपाय सोपा. डिचोली–पेडणे बोगद्याला त्या कॉपीसाठी १५ एमबीपीएसची मर्यादा घालायची. तेच २.१ जीबी मग सात मिनिटांऐवजी एकोणीस मिनिटांत जातात. दुसऱ्या दिवशी तेवढेच फोटो गेले, तर तक्त्यात `.47` चे `Bytes` तेवढेच, `Duration` ११२० च्या आसपास आणि `bps` १५ एम दिसायला हवेत. तसे दिसले नाहीत, तर मर्यादा बहुधा चुकीच्या दिशेला लागली आहे.