चौकट आणि समास : फाळके यांची चित्रे रुंद पडद्यावर

दादासाहेब फाळके यांच्यावर नाशकात माहितीपट निघणे स्वाभाविकच आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या पुरुषाने १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पूर्ण केल्यावर आपला कारखाना नाशकास हलविला, पुढील बहुतेक कामे येथेच केली, आणि १९४४ साली येथेच देह ठेवला. गंगापूर रोडवरील एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आज त्यांच्यावर वीस मिनिटांचा माहितीपट करावयाचा ठरविला, तर पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. तो वरवर केवळ यांत्रिक वाटतो. परंतु थोडा विचार केला असता तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे असे दिसून येते. फाळके यांचे चित्र जवळजवळ चौरस आहे आणि विद्यार्थ्यांची टाइमलाइन रुंद आहे. तेव्हा एकाला दुसऱ्यात बसवावयाचे कसे?

प्रथम मापे पाहू. मूकपटाच्या चौकटीत रुंदी व उंची यांचे प्रमाण चारास तीन असे होते. आजच्या पडद्याचे प्रमाण सोळास नऊ आहे. हे प्रमाण १९८०च्या दशकात जुनी चौकट आणि चित्रपटगृहांतील अतिरुंद पडदा यांच्यामधील तडजोड म्हणून सुचविले गेले. फाळके यांच्या चित्राशी त्याचा संबंध नाही. टाइमलाइन १९२० बिंदू रुंद व १०८० बिंदू उंच असेल, तर पूर्ण उंचीने बसविलेले जुने चित्र १४४० बिंदू रुंदी व्यापते. उरतात ४८० बिंदू, म्हणजे प्रत्येक बाजूस २४०. या दोन रिकाम्या उभ्या पट्ट्यांचे काय करावयाचे, एवढाच सारा वाद आहे. पोथी लिहिणाऱ्याने मजकुराच्या दोन्ही अंगांस जी जागा सोडली, तिला आपण समास म्हणतो. पडद्यावरील या पट्ट्यांनाही मी समासच म्हणेन. कारण समासाविषयी पोथ्यांच्या अभ्यासकांनी जे नियम पाळले, तेच येथेही उपयोगी पडतात.

पहिला नियम असा की, समास नको म्हणून मजकूर ताणावयाचा नाही. १४४० बिंदूंचे चित्र १९२० बिंदूंपर्यंत ओढले, तर प्रत्येक वस्तू एकतृतीयांशाने रुंद होते. हरिश्चंद्र स्थूल दिसतो, आणि बाणाची आडवी गती आहे त्यापेक्षा वेगवान भासते. हा दोष डोळ्यांना सवयीने दिसेनासा होतो, हेच त्याचे अधिक अनिष्ट अंग होय. शिवाय तो पुष्कळदा संकलकाने केलेलाही नसतो. हाती आलेली प्रत जुन्या दूरचित्रवाणी-फितीवरून उतरविलेली असेल, तर तिचे माप ७२० बाय ५७६ असते व तिचे बिंदू चौरस नसतात. ते किंचित आडवे धरले म्हणजे चित्र ७६८ बाय ५७६ होते आणि चारास तीन हे प्रमाण जुळते. संगणकाने ते चौरस मानले, तर १०८० उंचीस चित्र १४४० ऐवजी १३५० बिंदूच रुंद होते आणि माणसे सोळाव्या हिश्शाने बारीक दिसतात. उलट, प्रतीवर चुकून रुंद पडद्याची खूण लागलेली असली, तर तीच माणसे एकतृतीयांशाने फुगतात.

याची परीक्षा कशी करावी? चित्रात चाक, थाळी वा दुसरी निश्चित गोल वस्तू असेल, तर तिची रुंदी व उंची मोजावी. ती नसेल तर, 'राजा हरिश्चंद्र'मधील कथन इंग्रजी व हिंदी पाट्यांतून चालत असल्यामुळे, देवनागरीच साह्यास येते. 'ठ' या अक्षराचे वाटोळे अंग पाहावे. हाताने लिहिलेले अक्षर कंपासाने काढलेले नसते, म्हणून बारीकसा फरक यावरून सिद्ध होत नाही; परंतु एकतृतीयांश ताण पडला असेल, तर सर्वच 'ठ' आडवे लोळलेले दिसतात, आणि तेवढा पुरावा शंका घेण्यास पुरेसा आहे.

दुसरा नियम असा की, समास नको म्हणून मजकूर छाटावयाचा नाही. पडदा पूर्ण भरावा म्हणून चित्र १९२० बिंदू रुंद होईपर्यंत प्रमाणशीर मोठे केले, तर त्याची उंची १४४० होते आणि पडद्यात १०८० मावतात. म्हणजे चित्राचा चौथा हिस्सा गेला. वरखाली सारखा कापला, तर प्रत्येक टोकाचा आठवा भाग जातो. निसर्गदृश्यात हे कदाचित खपून जाईल, परंतु फाळके यांच्या रचनेत खपत नाही. 'राजा हरिश्चंद्र'चा जो भाग आज उपलब्ध आहे, आणि जो १९१७ सालच्या पुनर्निर्मितीचा असावा असे काही अभ्यासक मानतात, त्याच्या आरंभी राजा आपल्या मुलास धनुर्विद्या शिकवीत आहे व राणी जवळ आहे. येथे कॅमेरा स्थिर असून माणसे मस्तकापासून पायांपर्यंत दिसतात. आठवा भाग वरून घेतला तर मोठ्यांच्या मुकुटांवर घाव येतो. तो वाचविण्यासाठी चौकट वर सरकविली, तर सारी कात्री पायांवर व जमिनीवर चालते. मूल मुळातच खाली आहे आणि मोठी माणसे उंच आहेत. ही उंचीतील तफावत हाच त्या दृश्याचा अर्थ आहे. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये तर कथेचा कणाच उभा आहे. मंदाकिनी फाळके यांनी साकारलेला बाळकृष्ण उंचावरून डोहात उडी घेतो व नागावर स्वार होऊन पाण्याबाहेर येतो. चौथा हिस्सा उंची काढून घेतली की उडी लहान होते. पाट्यांचे नुकसान तर उघडच आहे, कारण छाटणीत पहिली वा शेवटची ओळ जाते.

मग काळ्या पट्ट्याच ठेवाव्यात काय? त्या प्रामाणिक आहेत, यात संशय नाही. परंतु त्या कुरूप का दिसतात, याचे कारण शोधले पाहिजे. जुन्या प्रतीतील सर्वांत गडद जागाही पूर्ण काळी नसते; काळाने व पुनःपुन्हा प्रती काढल्याने ती करडी झालेली असते. तिच्या शेजारी निखळ काळा रंग ठेवला की चित्र आहे त्याहून फिके वाटते. म्हणजे दोष पट्टीच्या अस्तित्वाचा नसून तिच्या रंगाचा आहे. चित्रातील गडद भाग मोजावा आणि समासास तोच करडा, किंवा त्याहून किंचित गडद रंग द्यावा. शून्य ते २५५ या मापनात चित्राचा काळा जर २८ च्या आसपास असेल, तर समास २० ते २४ ठेवावा. चित्राच्या उभ्या कडा दोन-तीन बिंदूंनी मृदू कराव्यात. एवढ्यानेच पट्टी मागे सरते. मात्र त्यापूर्वी कडा तपासून घ्याव्यात, कारण घरगुती व्हिडिओ फितीवरून आलेल्या प्रतीच्या तळाशी थरथरणारी रेघ असते. जुन्या दूरचित्रवाणी-संचाच्या काचेआड ती लपत असे. आजच्या पडद्यावर लपत नाही. तेवढ्या मोजक्या ओळी झाकणे ही छाटणी नव्हे, ती लेखनिकाच्या शाईचा डाग पुसण्यासारखी गोष्ट आहे.

आज सर्वत्र रूढ झालेला उपाय मात्र वेगळा आहे. त्याच चित्राची दुसरी प्रत खालच्या थरावर ठेवतात, ती पडदा भरेल इतकी मोठी करतात, धूसर करतात, आणि तिच्यावर मूळ चित्र मधोमध बसवितात. माझा या पद्धतीस सरसकट विरोध नाही. ती विचार न करता वापरली जाते, याला आहे. मूकपटाच्या जुन्या प्रतीत प्रकाशाचे कंपन असते. मधल्या चित्रात ते सह्य होते, परंतु धूसर प्रतीत ते दोन्ही समासांत पसरते व सारा पडदा लुकलुकू लागतो. कृष्ण व नाग यांच्या झटापटीत तर मधल्या प्रत्येक हालचालीबरोबर कडेला एक अवाढव्य सावली हलते आणि नजर तिकडे ओढली जाते. समासातील टीका मूळ ग्रंथाहून मोठ्याने बोलू लागावी, तसे हे आहे. पद्धत वापरावयाचीच असेल, तर खालच्या थरावर चालते चित्र न ठेवता त्या दृश्यातील एकच स्थिर चौकट ठेवावी, तिची उजळता मूळच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत उतरवावी आणि एकही आकार ओळखू येणार नाही इतकी ती धूसर करावी. कसोटी सोपी आहे. मधले चित्र पुठ्ठ्याने झाकून फक्त समासांकडे पाहावे. तेथे काही घडत आहे असे वाटले, तर धूसरपणा कमी पडला.

समास उपयोगात आणण्याचा याहून सयुक्तिक मार्गही आहे, आणि तो पोथीपरंपरेस जवळचा आहे. चित्र मधोमध न ठेवता एका कडेस सरकवावे. मग ४८० बिंदूंची सलग पट्टी मिळते. पडद्याच्या काठाशी ९६ बिंदू सोडले, तर लिहिण्यास ३८४ उरतात. वाचता येईल अशा आकाराच्या देवनागरीत एका ओळीस दोन-तीन शब्दच मावतात. तेव्हा येथे निबंध लिहावयाचा नाही. चित्रपटाचे नाव, साल, आणि पाटीचे मराठी रूप एवढेच द्यावे. दोन प्रतींची तुलना करावयाची असेल, तर दोन चित्रे ९६० बाय ७२० या मापात शेजारी शेजारी बसतात आणि रुंदी नेमकी भरून निघते. वरखाली १८० बिंदू उरतात, त्यांत दोहोंची नावे येतात. रुंद पडदा जुन्या चित्राच्या आड न येता त्याच्या उपयोगी पडतो, तो अशा ठिकाणी.

एक अडचण या उपायांनीही मिटत नाही. नवी मुलाखत १९२० रुंदीची आणि तिच्या पाठोपाठ येणारे जुने चित्र १४४० रुंदीचे, या बदलाचा धक्का दर जोडाशी बसतोच. तो कमी करण्यासाठी मुलाखतीतील वक्ता मधल्या १४४० बिंदूंच्या आत राहील असे चित्रीकरण करावे, आणि समासाची एकच रीत आरंभापासून अखेरपर्यंत पाळावी. एकदा करडी पट्टी, एकदा धूसर प्रत, एकदा छाटणी असा खेळ केला, तर प्रेक्षकास कोणते रूप मूळचे हे कळेनासे होते. फाळके यांच्या कामाचा फार थोडा अंश आपल्या हाती राहिला आहे. पुढील अभ्यासकांपैकी अनेकांना तो मूळ प्रतीत नव्हे, तर अशा माहितीपटांतील अवतरणांतूनच प्रथम भेटणार. अवतरण देताना ग्रंथातील शब्द बदलू नयेत, हा नियम आपण पदव्युत्तर वर्गात पहिल्याच वर्षी शिकवितो. चित्राच्या चौकटीलाही तोच नियम लावणे प्राप्त आहे.