समीकरणाआधी बोट फिरवा

किरचॉफचे नियम शिकवण्याच्या नेहमीच्या पद्धतीवर माझा एक आक्षेप आहे. फळ्यावर आकृती काढली की लगेच I₁, I₂, I₃ मांडायचे, बाण काढायचे आणि तीन समीकरणं सोडवायची. उत्तर बरोबर येतं. पण परिपथात काय चाललंय, हे मुलांना कळलेलं असतंच असं नाही.

एक साधं उदाहरण घेऊ. 12 व्होल्टची बॅटरी, तिच्यापुढे 2 ओहमचा रोध, आणि त्याच्यापुढे 6 आणि 3 ओहमचे दोन रोध समांतर जोडणीत. आता बॅटरीच्या धन टोकापासून बोट फिरवत निघा. समांतर जोडीचा एकत्रित रोध 2 ओहम होतो. म्हणजे एकूण 4 ओहम, आणि बॅटरीतून 3 अँपिअर करंट निघतो. पहिल्या रोधावर 3 गुणिले 2, म्हणजे 6 व्होल्ट खर्च झाले. उरले 6, आणि ते दोन्ही फांद्यांना सारखेच मिळतात. म्हणून 6 ओहममधून 1 अँपिअर जातो, 3 ओहममधून 2. पुढे ते एकत्र येऊन पुन्हा 3 अँपिअर होतात. करंट कुठेही संपला नाही. खर्च झाले ते व्होल्ट.

आता बघा, आपण दोन्ही नियम वापरूनच बसलो! 3 बरोबर 1 अधिक 2, हा संधीचा नियम. 12 वजा 6 वजा 6 बरोबर शून्य, हा वेढ्याचा नियम.

खरी परीक्षा पुढे आहे. 6 ओहमची फांदी कापली, तर 3 ओहममधून किती करंट जाईल? पुष्कळ जण म्हणतात 3 अँपिअर, कारण सगळा करंट आता तिकडेच वळेल. काही म्हणतात 2, कारण त्या फांदीला आपण हात लावलेला नाही. दोन्ही चूक. एकूण रोध आता 5 ओहम झाला, म्हणून बॅटरीतून 2.4 अँपिअरच निघतो. पहिल्या रोधावर 4.8 व्होल्ट पडतात, आणि 3 ओहमच्या वाट्याला 7.2 येतात. बॅटरी ठरावीक करंट देत नाही, ठरावीक व्होल्टेज देते. एका ठिकाणी बदल केला की सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. हे बोट फिरवताना दिसतं. नुसत्या समीकरणात लपून राहतं.

मग किरचॉफ नकोच का? तसं नाही. दोन फांद्यांत दोन वेगळ्या बॅटऱ्या असतील, किंवा व्हीटस्टन सेतू असंतुलित असेल, तर एकसर-समांतर अशी फोड करता येत नाही. तिथे समीकरणंच लागतात. पण तेव्हाही करंटचं उत्तर ऋण आलं, तर बोट फिरवलेला विद्यार्थी दचकत नाही. आपण बाण उलटा काढला होता, एवढंच त्याला कळतं.

म्हणून क्रम बदला, एवढंच माझं म्हणणं आहे.