पायाशी बघा: चकचकीत फरशीवरचं प्रतिबिंब

सप्टेंबर २००६ मध्ये ॲपलनं आयट्यून्स ७ आणलं आणि त्यात कव्हर फ्लो दिलं. काळ्या चकचकीत जमिनीवर उभे अल्बम आणि खाली विरत जाणारं प्रतिबिंब. त्या काळी अनेक जाहिराती अशाच दिसायला लागल्या होत्या. आता ही फॅशन जुनी झाली म्हणून आपण तिला हसतो, पण माझी तक्रार वेगळी आहे. ती युक्ती अल्बमसाठी खरी होती, वस्तूसाठी खोटी आहे.

अल्बमचं कव्हर म्हणजे समोर उभा सपाट कागद. तोच फोटो उलटा करून खाली लावला की भूमितीच्या दृष्टीनं तो बिनचूक आरसा होतो. क्रोम आणि सफारीत आजही ही एक ओळ पुरते:

```css
-webkit-box-reflect: below 0 linear-gradient(transparent 40%, rgba(0,0,0,.3));
```

आता अल्बमच्या जागी स्टीलचा गोल डबा ठेवा, १५ सेंटिमीटर उंच. खाली काळं ॲक्रिलिक. कॅमेरा एक मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर वर. वरून बघतोय म्हणून झाकण दिसतं आणि तळाची कड खाली झुकलेल्या कमानीसारखी दिसते. खऱ्या प्रतिबिंबात डबा खालून बघितल्यासारखा दिसतो. त्यात झाकणाचा वरचा भाग येऊच शकत नाही, आणि प्रतिबिंब त्या कमानीला टोकापासून टोकापर्यंत चिकटलेलं असतं. फोटो नुसता उलटा केला तर कमानही उलटते. मग दोन डबे मधल्या एकाच बिंदूवर टेकतात, दोन्ही बाजूंना फट पडते आणि डबा तरंगायला लागतो.

आणि ते विरणं? ते अगदीच बनावट नाही. डब्याचा जितका वरचा भाग, तितकं त्याचं प्रतिबिंब जमिनीवर आपल्या जवळ पडतं. तिथे आपली नजर जास्त उभी पडते, आणि उभ्या नजरेला ॲक्रिलिक कमी प्रकाश परत देतं. आपल्या मांडणीत तळाशी सुमारे २२ टक्के प्रकाश परत येतो, झाकणाच्या कडेशी सुमारे १२ टक्के. म्हणजे जेमतेम निम्मं, शून्य कधीच नाही. पृष्ठभाग थोडा खरखरीत असेल तर वरचा भाग धूसरही होतो. वरच्या ओळीतला ग्रेडियंट मात्र साठ टक्क्यांवरच सगळं पुसून टाकतो, तेही कडा धारदार ठेवून.

ॲपलनं २००७ च्या लेपर्डमध्ये डॉकला काचेची फळी केली आणि कोनातून काढलेल्या आयकॉनखालीही प्रतिबिंबं आणली. २०१४ च्या योसेमिटीत डॉक पुन्हा सपाट झाला. दुकानांच्या पानांवर मात्र उलटे डबे अजून तरंगतायत.

वस्तूचा फोटो एवढंच सांगतो की ही वस्तू खरंच कुठेतरी ठेवली होती. तेवढंही खरं आहे का हे बघायचं असेल, तर चकाकीकडे नको, पायाशी बघा.