पाट्टीचं पत्र : काय दुरुस्त करावं?

मागच्या वेळी आपण छापील पत्रसंग्रहांबद्दल बोललो. आज एकच पत्र घेऊ, तेही न छापलेलं. सोलापुरात राहणाऱ्या एका तमिळ आजींनी परदेशातल्या नातीला ते लिहिलं आणि घरातल्याच एका सुशिक्षित माणसानं पाठवण्याआधी ते ‘सुधारलं’. मूळ कागद आणि सुधारलेला कागद, असे दोन्ही आमच्यासमोर आहेत. नावं अर्थातच सांगणार नाही.

सोलापुरात तेलुगू आणि कन्नड रोज कानावर पडतं, तमिळ क्वचितच. या आजींची शाळा मराठीतून झाली, तमिळ अक्षरं त्या घरीच शिकल्या. त्यांच्या चुका समजून घ्यायच्या तर हे आधी लक्षात घ्यावं लागतं. तमिळमध्ये आपल्या ‘ळ’सारखं एक अक्षर आहे. शिवाय ‘ऴ’ हे आणखी एक आहे. त्यात जीभ मागे वळते पण टाळूला टेकत नाही. ‘तमिऴ’ या नावातच ते बसलेलं आहे. मराठी कानाला दोन्ही ‘ळ’च वाटतात. म्हणून आजींनी पाऊस या अर्थाचा ‘मऴै’ हा शब्द ‘मळै’ असा लिहिला. हे वाचणारा सांभाळून घेतो. पण शेवटच्या आशीर्वादात ‘वाऴ्’, म्हणजे जगणं, याच्या जागी ‘वाळ्’ पडलं आणि त्याचा अर्थ तलवार! दुसरी जोडी ‘र’ आणि ‘ऱ’ची. ‘अऱै’ म्हणजे खोली, ‘अरै’ म्हणजे अर्धा. आजींनी विचारलं होतं, तुझी खोली उबदार आहे ना? कागदावर अर्धं काहीतरी उबदार झालं. आपल्याकडे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत जी गल्लत होते, साधारण तीच ही.

या दुरुस्त्या योग्यच आहेत. ‘अन्द कडै’, म्हणजे ते दुकान, हे ‘अन्दक् कडै’ असं जोडून लिहिलं, तेही ठीक. उलट आमचं म्हणणं, या बाबतीत दुरुस्ती करणाऱ्यानं कंजूषी करूच नये. नात ही भाषा ऐकून शिकलेली आहे, वाचताना अक्षर न् अक्षर लावते. अक्षर चुकलं की तिच्याकडे दुसरा आधार नाही.

खरी गडबड पुढे आहे. आजींनी विचारलं होतं, ‘साप्पिट्टियाम्मा?’ म्हणजे, जेवलीस का गं बाई? सुधारलेल्या कागदावर आहे, ‘नीङ्गळ् उणवु अरुन्दिनीर्गळा?’ मराठीत सांगायचं तर, ‘आपण भोजन केलेत काय?’ लग्नाच्या मांडवात व्याह्यांना विचारावं तसं! व्याकरणात एक अक्षर चुकलेलं नाही, आणि तरी हे वाक्य या आजी या नातीला कधीही म्हणणार नाहीत.

दुरुस्ती करणाऱ्याची अडचणही समजते. तमिळमध्ये बोलण्याची आणि लिहिण्याची रूपं मराठीपेक्षा फार दूर गेलेली आहेत. आपल्याकडे ‘असे’ आणि ‘असं’ यांत एका टिंबाचं अंतर. तिथे बोलताना ‘इरुक्कु’ आणि लिहिताना ‘इरुक्किऱदु’. शिकलेल्या माणसाला बोलीतलं पत्र अर्धवट वाटतं. पण त्यानं तीन वेगळ्या गोष्टी एक समजल्या. क्रियापदाचं लिखित रूप ही एक गोष्ट. ‘नी’ म्हणजे तू, याचं ‘नीङ्गळ्’ म्हणजे तुम्ही करणं ही दुसरी. आणि जेवणाचं ‘उणवु’ करणं ही तिसरी. लिखित तमिळ आणि आदरार्थी तमिळ हे एक नव्हे. ‘नी’ ठेवूनही शुद्ध लिहिता येतं.

त्यात सगळ्यात वाईट म्हणजे ‘म्मा’ गेलं. तमिळ घरांत मोठी माणसं लहान मुलीला ‘अम्मा’ म्हणून हाक मारतात, मुलाला ‘अप्पा’. आपण नातवाला ‘खा रे बाबा’ म्हणतो ना, तसंच. सुधारणाऱ्याला वाटलं असावं, नातीला आई कशी म्हणायची? म्हणून खोडलं. ‘कण्णु’, म्हणजे डोळा, लाडाचा शब्द, तोही दोनदा खोडलाय.

आम्ही असतो तर ते वाक्य ‘साप्पिट्टाया अम्मा?’ असं केलं असतं. क्रियापद लिखित, ‘तू’ जागच्या जागी आणि हाकही शाबूत. नातीला तमिळ वाचायला शिकवणारं पुस्तकही हेच रूप दाखवेल. आमच्यातल्या एकाचं मत मात्र वेगळं आहे. ते म्हणतात, मूळ ‘साप्पिट्टियाम्मा’च राहू द्या, तमिळ कथाकार पात्रांच्या तोंडी बोली लिहितातच की. कथेत ते चालतं, कारण वाचणारा भाषेत मुरलेला असतो. इथे नात अक्षरं जुळवत बसणार. पण ती मोठ्यानं वाचेल तेव्हा आजींचा आवाज मूळ रूपातूनच ऐकू येईल, हेही खरं. या एका वाक्यावर आमचं एकमत झालेलं नाही.

पत्राची सुरुवात मात्र दोन्ही कागदांवर सारखीच आहे, ‘नलम्. नलम् अऱिय आवल्.’ इथे क्षेम, तुमचं क्षेम कळावं ही इच्छा. आपलं ‘वि. वि.’ असतं तसं ठरलेलं वाक्य. तिथे आजींनी ‘ऱ’सुद्धा बरोबर घातलाय. आम्ही विचारलं, हाच कसा चुकला नाही? तर म्हणाल्या, त्यांची आई प्रत्येक पत्र ह्याच ओळीनं सुरू करायची, ती ओळ बघून बघून हाताला बसलीय.