छप्पन्न घटकांची चुकलेली मोजणी

५६ कोटीच्या गटात नॉर्मल उपगट असतोच, हे सिद्ध करताना आपण पुष्कळदा अशी मोजणी करतो: ७ कोटीचे उपगट ८ असतील तर त्यांत एकक सोडून ४८ घटक, ८ कोटीचे ७ असतील तर ४९. बेरीज ५६ हून अधिक, म्हणून एक उपगट एकटाच. निष्कर्ष खरा, तर्क मात्र लंगडा.

७ ही मूळ संख्या असल्याने ७ कोटीच्या दोन उपगटांत फक्त एकक सामाईक असतो. ८ कोटीच्या उपगटांना हे लागू नाही. हाच तर्क चार वस्तूंच्या अदलाबदलींच्या गटाला लावून पाहू. त्याची कोटी २४. त्यात ८ कोटीचे ३ आणि ३ कोटीचे ४ उपगट. २१ अधिक ८ म्हणजे २९! तरीही यांतला एकही नॉर्मल नाही, कारण ८ कोटीच्या तिन्ही उपगटांत ४ घटक सामाईक आहेत.

मग नीट कसे मोजावे? नॉर्वेतील शाळाशिक्षक सिलो यांच्या १८७२ च्या प्रमेयांनुसार ७ कोटीचे उपगट १ किंवा ८. एकच असेल तर तो नॉर्मल. आठ असतील तर ४८ घटक वजा जाऊन ८ उरतात. ८ कोटीचा उपगट अस्तित्वात आहे, आणि त्यात ७ कोटीचा घटक बसत नाही; म्हणजे उरलेले आठ हाच तो उपगट. तो एकमेव, म्हणून नॉर्मल. दोहोंपैकी कोणता, हे मात्र केवळ ५६ या आकड्यावरून ठरत नाही.