लक्ष्या की अशोकमामा? थट्टा, वाद आणि हिणवणं यांतलं अंतर

आजचा विषय ऐकून काही जण हसले, ते बरंच झालं. मराठी घरात, हॉस्टेलवर, ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत हा वाद एकदा तरी झालेला असतो: अशोक सराफ मोठा की लक्ष्मीकांत बेर्डे? निकाल कधी लागत नाही आणि लागावा अशी कुणाची इच्छाही नसते. आम्हाला आज निकाल द्यायचा नाहीच. असा वाद घालताना मित्राच्या आवडीची टिंगल कुठवर चालते आणि कुठल्या वाक्याला ती टिंगल राहत नाही, एवढंच बघायचं आहे.

सुरुवात नावांपासूनच करू. एकाला महाराष्ट्र 'अशोकमामा' म्हणतो, दुसऱ्याला 'लक्ष्या'. मामा म्हटलं की नातं आलं, वडीलकी आली. 'लक्ष्या' हा मात्र एकेरी, गल्लीतल्या पोराला मारावी तशी हाक. महेश कोठारे यांच्या चित्रपटांत तर पात्राचंच नाव पुन्हा पुन्हा लक्ष्या ठेवलं गेलं. मराठीत या 'या'ची गंमत अशी आहे की तोच प्रत्यय मायेचा असतो आणि तोच अपमानाचाही. दिन्या, पक्या, सुऱ्या ही नावं मित्राच्या तोंडी गोड लागतात. परक्यानं तशी हाक मारली तर माणूस वळून बघतो, आणि ते बघणं काही प्रेमाचं नसतं. शब्द तोच असतो, तो कोण उच्चारतो आणि कशासाठी उच्चारतो यावर सगळं ठरतं. मित्राच्या आवडीची थट्टा अगदी अशीच चालते, हे आज डोक्यात ठेवू या.

आता आमची गोष्ट. आम्ही चार जण. तिघं अशोक सराफांच्या बाजूचे आणि एक जण कट्टर लक्ष्मीकांतवाला. दर महिन्याला कुणाच्या तरी घरी जमायचं, एक जुना चित्रपट लावायचा आणि चहा गार होईपर्यंत भांडायचं. लक्ष्मीकांतवाल्याला आम्ही म्हणायचो, "तुझा हिरो ओरडला नाही तर त्याला आपण आहोत की नाही हेच कळत नाही." तो म्हणायचा, "आणि तुमचे मामा भुवई उचलायचेही वेगळे पैसे घेत असतील." हे सगळं ठीक होतं. का ठीक होतं? कारण दोन्ही टोमण्यांत अभिनयाबद्दलचं एकेक निरीक्षण होतं. आवाज जास्त वापरतो, हा आरोप तपासता येतो. कमीत कमी हालचालीत काम भागवतो, हाही तपासता येतो. ज्याची थट्टा झाली त्याला उत्तर देता येत होतं, आणि उत्तर म्हणून चित्रपटातला एखादा प्रसंग समोर ठेवता येत होता.

एकदा आम्ही खरोखरच तपासलं. चित्रपट होता 'अशी ही बनवाबनवी', १९८८ चा, दिग्दर्शन सचिन यांचं. गोष्ट तुम्हाला पाठ आहे: राहायला जागा हवी, मालकीणबाईंना बिऱ्हाड फक्त जोडप्यांना द्यायचंय, म्हणून चार मित्रांपैकी दोघं बायका होतात. सचिन यांचा सुधीर 'सुधा' होतो, लक्ष्मीकांतचा परशुराम 'पार्वती' होतो, आणि अशोक सराफांचा धनंजय माने हा सगळा खोटा संसार तोलून धरतो.

आमची पद्धत साधी होती. पार्वतीची ओळख करून देण्याचा प्रसंग आधी आवाज बंद करून बघायचा, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकायचा. तिसऱ्यांदा नेहमीसारखा. घरी करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

आवाज बंद केला आणि आमचा एक आरोप तिथल्या तिथे गळून पडला. लक्ष्मीकांत नुसता ओरडतो म्हणावं, तर ओरडणं ऐकू येत नसतानाही हसू येत होतं. बारकाईनं बघितल्यावर कारण सापडलं. सचिन यांची सुधा नेटकी आहे. ती बाई म्हणून खपून जाईल अशी काळजी नटानं घेतली आहे. लक्ष्मीकांतची पार्वती मात्र पूर्ण बाई होतच नाही. लुगड्याच्या आत परशुराम सतत दिसत राहतो, 'आता पकडलो जाणार' ही धास्ती दिसत राहते. ही काही कसर राहिलेली नाही, तो विनोदच शिवणीतून उसवत चाललेल्या सोंगाचा आहे. सोंग चोख वठलं असतं तर विनोद अर्ध्यावर आला असता.

मग पडद्याकडे पाठ केली. आता आमचा मित्र गप्प झाला. बायकोची ओळख करून देताना धनंजयच्या तोंडून शब्द चुकून पुल्लिंगी निघून जातो. मराठीत लिंग चुकलं की सगळंच उघडं पडतं, इंग्रजीत ही गंमत झालीच नसती. अशोक सराफ ती चूक कशी करतात ते ऐका. वाक्यावर जोर नाही, 'बघा आता विनोद येतोय' अशी सूचना नाही. घाईत असलेल्या माणसाची जीभ जशी घसरते तशी ती घसरते. प्रेक्षकाला चूक आधी कळते, पात्राला नंतर, आणि त्या मधल्या फटीत हसू आहे.

तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र बघितलं तेव्हा आमच्या वादाचा प्रश्नच थोडा बदलला. धनंजयची घसरलेली जीभ शेजारी उभ्या असलेल्या त्या अवघडलेल्या पार्वतीशिवाय फुकट गेली असती. आणि धनंजय असा शांत, सगळं निभावून नेणारा नसता, तर पार्वतीची धास्ती नुसता आरडाओरडा ठरली असती. एक जण खोटं बोलतो, दुसरा ते खोटं अंगावर घालून फिरतो. मोठा कोण, हा वाद त्यामुळे संपला नाही; पण आता आम्ही निदान काय बघत होतो ते सांगू शकत होतो. अर्थात या चाचणीला मर्यादा आहे. आवाज बंद केला की अंगानं काम करणारा नट जिंकतो, चित्र बंद केलं की शब्दाचा नट जिंकतो. एकाच चाचणीवर निकाल देणारा मित्र लबाडी करतोय हे ओळखावं.

आता जिथे आमचं चुकलं ते सांगतो. पुढच्या खेपेला लक्ष्मीकांतवाल्यानं १९९३ चा 'झपाटलेला' आणला. बाहुला रामदास पाध्ये यांचा, बाहुल्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. मित्र म्हणाला, "समोर माणूस नाही, बाहुला आहे. त्याच्याकडून नटाला काहीही मिळत नाही, तरी हा खरा घाबरतो. तुमच्या मामांनी कधी केलंय असं?" फार चांगला मुद्दा होता. आमच्याकडे उत्तरही होतं. १९८५ च्या 'धूमधडाका'त अशोक सराफ खोट्या श्रीमंत बापाचं सोंग घेतात, पाईप ओढताना ठसक्यासारखा तो निरर्थक आवाज काढतात, आणि श्रीमंतीच्या आत बसलेला फाटका माणूस एका क्षणासाठीही विसरू देत नाहीत. तेही एका अर्थी बाहुल्याशीच काम आहे, फक्त बाहुला ते स्वतःच आहेत.

पण आम्ही हे उत्तर दिलं नाही. आमच्यापैकी एक जण म्हणाला, "अरे, हे असलं आवडायला काही लागत नाही. ज्याला दुसरं काही बघितलेलंच नाही त्याला हे भारी वाटतं." आणि आम्ही बाकीचे हसलो.

वाक्य नीट ऐका. त्यात लक्ष्मीकांत कुठेच नाही. बाहुला नाही, प्रसंग नाही, अभिनय नाही. त्यात फक्त आमचा मित्र आहे: त्याचं गाव, त्याचं शिक्षण, त्यानं काय बघितलं आणि काय बघायला मिळालं नाही ते. अशा वाक्याला प्रसंग दाखवून उत्तर देता येत नाही. दिलंच तर स्वतःची फिर्याद मांडावी लागते. मित्रानं तेच केलं. म्हणाला, "मी काय तेवढंच बघत नाही, मीही 'सामना' बघितलाय." ही खूण लक्षात ठेवा. समोरचा चित्रपटाची बाजू सोडून स्वतःची बाजू मांडायला लागला की समजावं, थट्टा हद्द ओलांडून गेली. दुसरी खूण तर आणखी वाईट: आपण बोलायच्या आधीच तो स्वतःच्या आवडीवर हसायला लागतो. पुढच्या महिन्यात "कुठला आणतोस?" विचारलं तर तो म्हणाला, "तुम्हीच ठरवा. माझं आपलं पांचटच असतं."

आम्ही सारवासारव करायला गेलो. म्हणालो, "अरे, ज्याची त्याची आवड!" मंडळी, हे वाक्य उदार वाटतं, पण त्यात दार लोटून घेतल्याचा आवाज आहे. तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, असंच ते सांगतं. मित्राला माफीपेक्षा उत्तर हवं होतं. त्याचा बाहुल्याचा मुद्दा अजून तसाच टेबलावर पडला होता.

मग आम्ही १९९२ चा 'एक होता विदूषक' लावला. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, पटकथा पु. ल. देशपांडे यांची, आणि तमाशातून सिनेमात आणि तिथून राजकारणाच्या वाऱ्यात सापडलेल्या सोंगाड्याच्या, आबुरावच्या, भूमिकेत लक्ष्मीकांत. आधीचे सगळे चित्रपट बघितल्यावर हा बघितला की अंगावर येतो. तोच चेहरा, तीच हसवायची घाई, पण आता ती घाई म्हणजेच त्या माणसाचं दुःख. लोक त्याच्याकडे हसवण्यापलीकडे काही मागत नाहीत, आणि ते त्यालाही कळतं.

या चित्रपटाला त्याच्या विनोदी चित्रपटांसारखा प्रेक्षक मिळाला नाही. त्या रात्री आम्हाला टोचलं ते हे. ज्यांना तो आवडत होता, त्यांना तो फक्त हसवणारा हवा होता. आणि आमच्यासारखे, ज्यांना तो पांचट वाटत होता, त्यांनी तो चांगलं काही करेल म्हणून कधी बघितलंच नव्हतं. हिणवणाऱ्याचं पहिलं नुकसान हेच होतं, त्याचं बघणं बंद होतं. प्रसंग समोर असतो आणि आपण प्रेक्षकांची जात-कुळी मोजत बसतो.

चित्रपट संपल्यावर आम्ही मित्राला एकच विचारलं, "बाहुल्याचा तो प्रसंग कुठला म्हणत होतास? लाव पुन्हा." त्यानं लावला. आम्ही आमचा 'धूमधडाका' लावला. दोन तास भांडलो. शेवटी आम्ही म्हणालो, "ठीक आहे, घाबरण्यात तुझा सरस. पण खोटं बोलण्यात मामांना तोड नाही."

तो म्हणाला, "खोटं बोलण्याचं तुम्हाला कळणारच, तुम्ही तर दर महिन्याला येऊन बोलता."

थट्टा पुन्हा सुरू झाली होती. आणि पुढच्या महिन्याचा चित्रपट त्यानंच ठरवला.