ज्याची सक्ती, त्याची जबाबदारी

विद्यार्थ्यांचे निबंध तपासणीच्या संकेतस्थळांवर चढवण्याबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरते: चोरी पकडली जाते की नाही? यंत्राचं उत्तर बरोबर येतं की चूक? तो प्रश्न महत्त्वाचा आहे, पण आज मी तो बाजूला ठेवणार आहे. आपण असं धरून चालू की यंत्र कधीच चुकत नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. निबंध मुलाने शिक्षकाला दिला होता. तो तिसऱ्याच्या हाती देण्याची परवानगी कुणी दिली?

या प्रश्नावर एका न्यायालयाने दिलेला निकाल आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. माझी आजची टीका मुख्यतः त्या निकालावर, आणि त्याहून अधिक त्यातून आपण जो अर्थ काढतो त्यावर आहे.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया आणि ॲरिझोना या राज्यांतल्या चार शाळकरी मुलांनी 2007 साली टर्निटिन चालवणाऱ्या आयपॅराडाइम्स कंपनीवर दावा लावला. चौघेही तेव्हा अल्पवयीन होते, म्हणून न्यायालयाच्या कागदपत्रांत त्यांची फक्त आद्याक्षरे आहेत. त्यांच्या शाळांचा नियम असा होता की निबंध टर्निटिनमार्फतच द्यायचा, नाहीतर त्या निबंधाला शून्य गुण. टर्निटिन निबंधाची तुलना आपल्या साठ्यातल्या मजकुराशी करते. शाळेने तसा पर्याय निवडला असेल, तर तुलना झाल्यावर तो निबंधही साठ्यात जमा होतो. पुढच्या वर्षीच्या मुलांचे निबंध मग त्याच्याशीही ताडून पाहिले जातात. या चौघांचा आक्षेप तपासणीला नव्हता, साठवण्याला होता. त्यांनी निबंधांवर तसं स्पष्ट लिहिलंही होतं: हा निबंध साठवू नये. पण चढवण्याआधी ‘मला मान्य आहे’ असं बटण दाबावं लागतं. ते त्यांनी दाबलं. न दाबून सांगणार कुणाला?

खालच्या न्यायालयाने 2008 मध्ये दोन गोष्टी म्हटल्या. पहिली, बटण दाबलं म्हणजे करार झाला. मुलं अल्पवयीन असली तरी त्या कराराचा फायदा त्यांनी घेतला, त्यांना गुण मिळाले, म्हणून आता अल्पवयाचा बचाव चालणार नाही. दुसरी, कंपनीचा वापर कॉपीराइट कायद्यातल्या ‘फेअर यूज’मध्ये, म्हणजे न्याय्य वापरात बसतो. वरच्या अपील न्यायालयाने 2009 साली ही दुसरी गोष्ट कायम केली आणि ती पुरेशी असल्यामुळे कराराच्या प्रश्नात जाण्याची गरज नाही असं ठरवलं.

आता अपील न्यायालयाचा युक्तिवाद नीट पाहू, कारण तो कच्चा नाही. कंपनीला निबंधातल्या विचारात, शैलीत, भावनेत काही रस नाही. ती निबंध वाचायला घेत नाही, फक्त तुलनेसाठी ठेवते. मूळ हेतूपेक्षा हा हेतू वेगळा आहे. शिवाय या साठवणीमुळे त्या निबंधांची बाजारातली किंमत कमी होत नाही. कॉपीराइटचा प्रश्न म्हणून पाहिलं तर हे उत्तर मला पटतं.

पण तो मुळात मालकीचा प्रश्न होता. मुलांच्या वकिलांनी कॉपीराइटचं दार ठोठावलं आणि न्यायालयाने त्याच दारातून उत्तर दिलं. ‘या मजकुराची विक्री बुडाली का?’ ह्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटल्याने ‘माझा मजकूर मी ज्याला दिला त्याच्याकडेच राहिला का?’ ह्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. माझं पत्र कुणी फोडलं तर त्या पत्राला बाजारात किती भाव होता हे कुणी विचारत नाही. तेव्हा ‘न्यायालयाने सगळं मंजूर केलंय’ असं कुणी सांगितलं, तर काय मंजूर केलंय ते विचारा.

‘कुणी वाचत नाही, यंत्रच तुलना करतं’ या सर्वांत जोरदार मुद्द्याचंही थोडं बघू. समजा, दुसऱ्या एका संस्थेतल्या विद्यार्थ्याच्या निबंधाशी तुमच्या विद्यार्थ्याचा जुना निबंध जुळला. तिथल्या शिक्षकाला मूळ निबंध पूर्ण पाहायचा असेल, तर टर्निटिनमध्ये त्यासाठी विनंती पाठवण्याची सोय आहे. ही विनंती कुणाकडे जाते? ज्याच्याकडे तो निबंध आला होता त्या शिक्षकाकडे. द्यायचा की नाही हे त्याने ठरवायचं. ज्याने लिहिला त्याला कुणी विचारत नाही. म्हणजे साठ्यातला निबंध माणसाच्या डोळ्यांपुढे येऊ शकतो आणि त्याच्या किल्लीवर विद्यार्थ्याचा हात नाही. आणि साठा राहतो तिथेच, मालक मात्र बदलतो. 2019 मध्ये टर्निटिन कंपनी सुमारे पावणेदोन अब्ज डॉलरना विकली गेली. ‘मला मान्य आहे’ म्हणणाऱ्या मुलाने हा नवा मालक मान्य केला होता का?

इथे मी माझ्या मूळ मुद्द्याशी येतो. तत्त्वज्ञानात संमतीची पहिली कसोटी अगदी साधी असते: नाही म्हणता येत होतं का? ‘हो’ म्हण नाहीतर शून्य घे, ही संमती नव्हे. पण मी इथेच थांबलो तर माझा युक्तिवाद अर्धवट राहील. कारण शाळेत सक्ती तर सगळीकडेच असते. गणवेश, परीक्षा, प्रयोगवही यांपैकी काय मुलांच्या संमतीने चालतं? सक्ती झाली एवढ्याने काही अन्याय होत नाही. शिक्षणात काही सक्ती रास्त असते.

मग बिघडतं कुठे? सक्तीला संमती म्हटलं की बिघडतं. सक्ती सक्ती म्हणूनच केली, तर तिची जबाबदारी करणाऱ्यावर राहते. प्रयोगशाळेत ॲसिड हाताळायला लावलं आणि अपघात झाला, तर जबाब शाळेला द्यावा लागतो. पण तिथेच एक बटण आणून ठेवलं की जबाबदारी गुपचूप मुलाच्या खांद्यावर सरकते. पुढे काही झालं की उत्तर तयार: तूच तर मान्य केलं होतंस. त्या बटणामुळे मुलाला एकही नवा पर्याय मिळत नाही. फक्त शाळेची आणि कंपनीची सुटका होते.

हे झालं संस्थेने करार करून घेतलेल्या सेवेबद्दल. आपल्याकडे आता याहून सैल प्रकार चालतो. शिक्षकाला शंका येते की निबंध यंत्राकडून लिहून घेतला आहे. तो एखादं फुकट संकेतस्थळ उघडतो, निबंध चिकटवतो, टक्केवारी बघतो. मी एक कल्पित उदाहरण घेतो. अकरावीच्या मुलीला विषय दिला आहे, ‘माझ्या आयुष्यातला अवघड काळ’. ती लिहिते की वडील एस.टी.त वाहक होते, संपाच्या काळात पगार थांबला, आईवर अमुक रुग्णालयात उपचार चालले होते, आणि गावातल्या पतसंस्थेचे हप्ते थकले. सर दक्ष आहेत, वरचं नाव खोडतात आणि मगच मजकूर चिकटवतात. त्यांना वाटतं, झालं, ओळख पुसली. पण गाव, व्यवसाय, आजार, रुग्णालय, पतसंस्था हे सगळं एकत्र ठेवलं तर त्या तालुक्यात असं घर एकच निघेल. निबंधात ओळख नावापुरती नसते, ती ओळीओळीत असते.

आणि आता तो मजकूर कुठे आहे? एका सर्व्हरवर. शाळेचा त्या संकेतस्थळाशी करार नाही, त्यामुळे किती दिवस ठेवणार, कशाला वापरणार, मागितल्यावर पुसणार का, हे विचारायला आधारच नाही. अटींच्या पानावर ‘सेवा सुधारण्यासाठी वापर’ असं एखादं वाक्य असेल, तर ती अट मान्य केली सरांनी. मुलीला तर असं काही घडलं हेच ठाऊक नाही. मघाच्या चार मुलांपुढे निदान बटण तरी होतं.

हेलन निसेनबाउम या तत्त्वज्ञ बाईंनी खासगीपणाबद्दल एक उपयुक्त मांडणी केली आहे. त्यांच्या मते माहिती लपवली म्हणजे खासगीपणा राखला, असं नाही. ज्या संदर्भात माहिती दिली त्या संदर्भाचे संकेत पाळले गेले तर तो राखला जातो. त्या मुलीने आईचा आजार लपवला नाही, सरांना सांगितला. तिचा विश्वासघात पुढच्या पायरीवर झाला. म्हणूनच पीएच.डी.च्या प्रबंधाचं उदाहरण इथे लागू होत नाही. प्रबंध जगासाठी लिहिला जातो, आपल्याकडे तो शोधगंगेवर उघडपणे ठेवला जातो आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार तपासला जातो. प्रबंधाचे नियम अकरावीच्या निबंधाला लावणं म्हणजे जाहीर सभेचे नियम घरातल्या बोलण्याला लावणं.

आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी असं म्हटलं आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. मला भीती एवढीच वाटते की आपण जूनमध्ये प्रवेश-अर्जाला एक ओळ जोडू, पालक त्यावर सही करतील आणि पुन्हा एकदा सक्तीला संमतीचा शिक्का बसेल.

मग काय करावं? सक्ती करायची तर ती उघडपणे करा आणि तिची किंमत संस्थेने उचलावी. करार संस्थेचा असावा. निबंध तपासून झाल्यावर साठवायचा नाही, अशी मांडणी टर्निटिनसारख्या सेवेत शिक्षकाला निवडता येते, ती निवडावी. कुठे तपासणार हे विषय देतानाच सांगावं, म्हणजे मुलगी आईच्या आजाराऐवजी दुसरं काही लिहू शकेल. करार नसलेल्या ठिकाणी विद्यार्थ्याचं एक वाक्यही चिकटवू नये. आणि नकाराला खरी वाट ठेवावी. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात एका विद्यार्थ्याने टर्निटिनला निबंध द्यायला नकार दिला, त्याला शून्य मिळालं, त्याने दाद मागितली. 2004 च्या सुरुवातीला निर्णय त्याच्या बाजूने लागला: त्याचे निबंध त्या यंत्रातून न काढताच तपासले गेले. विद्यापीठ काही कोसळलं नाही.

कुणी म्हणेल, मग शंका आली तर आम्ही काय करायचं? कच्चा खर्डा मागा. मुलीला समोर बसवा आणि विचारा, हे वाक्य तू का लिहिलंस? दहा मिनिटं लागतात. साठ निबंध असतील तर ही दहा मिनिटं परवडत नाहीत, हे मला मान्य आहे. पण ती अडचण शिक्षकांच्या संख्येची आहे, आणि तिची भरपाई त्या मुलीने आपल्या घरातली गोष्ट परक्याकडे ठेवून करावी, हे मला मान्य नाही.

आता प्रश्न घेऊ.